महागाई भत्ता ३ टक्के वाढला, मग एकूण पगार ३ टक्के का वाढत नाही?

प्रश्न : मी नागपूरला केंद्र सरकारच्या कार्यालयात लेव्हल ६ वर आहे, बेसिक ४४,९००. महागाई भत्ता ५५ वरून ५८ टक्के झाला, तरी माझा पगार ३ टक्क्यांनी वाढलेला दिसत नाही. जूनला ग्रॉस ८१,८८० होता, सप्टेंबरला ८४,१५५, ऑक्टोबरला ८९,९७५ आणि नोव्हेंबरला पुन्हा ८५,६१० वर आला. यातला खरा वाढीव पगार कोणता, आणि चूक कुणाची?

उत्तर : चूक कुणाचीच नाही. चारही आकडे बरोबर आहेत आणि महागाई भत्त्याच्या नव्या दरामुळे आपला मासिक ग्रॉस नेमका १,४५५ रुपयांनी वाढला आहे. बाकीचा चढउतार दोन वेगळ्या कारणांनी आलेला आहे : एक म्हणजे १ जुलैची वार्षिक वेतनवाढ आणि दुसरे म्हणजे ऑक्टोबरात मिळालेली तीन महिन्यांची थकबाकी. या तिन्ही गोष्टी जुलै ते ऑक्टोबर या काळात एकमेकींवर येऊन पडतात, त्यामुळे दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेतन देयकाच्या टेबलासमोर हाच प्रश्न घेऊन माणसे उभी राहतात. माझी नोकरीची बहुतेक वर्षे त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत गेली असल्यामुळे हा हिशेब मी अनेकदा कागदावर मांडून दाखवला आहे, तसाच येथे मांडतो.

गोंधळाचे मूळ ‘३ टक्के’ या शब्दात आहे. महागाई भत्ता हा एकूण पगारावर नव्हे, तर मूळ वेतनावर, म्हणजे वेतन मॅट्रिक्समधील आपल्या लेव्हलच्या रकान्यात असलेल्या आकड्यावर मोजला जातो. वित्त मंत्रालयाच्या प्रत्येक आदेशात हे वाक्य असते, आणि विशेष वेतनासारखे अन्य कोणतेही वेतन त्यात धरायचे नाही, हेही तेथेच लिहिलेले असते. दर ५५ वरून ५८ झाला याचा अर्थ आपल्याला बेसिकच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे पूर्वी ५५ रुपये मिळत होते, ते आता ५८ मिळतील, एवढाच. ते तीन रुपये ज्या एकूण रकमेच्या तुलनेत आपण पाहता, ती रक्कम मात्र शंभरावर थांबलेली नाही. तिच्यात आधीचे ५५ रुपये आहेत, घरभाडे भत्ता आहे आणि वाहतूक भत्ताही आहे.

आपल्याच आकड्यांवर पाहू. बेसिक ४४,९०० वर ५५ टक्क्यांनी महागाई भत्ता २४,६९५ रुपये होतो आणि ५८ टक्क्यांनी २६,०४२. फरक १,३४७ रुपये. येथे बहुतेक जण थांबतात आणि स्लिपेतला फरक १,४५५ दिसला की वरचे १०८ रुपये कोठून आले म्हणून बुचकळ्यात पडतात. ते वाहतूक भत्त्यातून आलेले आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा वाहतूक भत्ता ‘अधिक त्यावरील महागाई भत्ता’ अशा स्वरूपात मंजूर झालेला आहे. नागपूर हे जादा दराच्या १९ शहरांपैकी एक असल्यामुळे लेव्हल ३ ते ८ च्या कर्मचाऱ्याला तेथे ३,६०० रुपये मिळतात, आणि त्यावरचा महागाई भत्ता १,९८० वरून २,०८८ झाला. काही कार्यालयांच्या स्लिपेत हे दोन आकडे वेगळे दाखवतात, काहींत ५,६८८ अशी एकच रक्कम दिसते. दुसऱ्या प्रकारची स्लिप असेल, तर १०८ रुपयांची वाढ डोळ्यांना सहसा दिसतच नाही.

आता सप्टेंबरचा ग्रॉस जोडून पाहा. बेसिक ४४,९००, महागाई भत्ता २४,६९५, घरभाडे भत्ता बेसिकच्या २० टक्के म्हणजे ८,९८०, वाहतूक भत्ता त्यावरील महागाई भत्त्यासह ५,५८०. बेरीज ८४,१५५. नोव्हेंबरमध्ये बेसिक आणि घरभाडे तेच राहिले, महागाई भत्ता २६,०४२ झाला आणि वाहतूक ५,६८८. बेरीज ८५,६१०. वाढ १,४५५ रुपये, आणि ८४,१५५ च्या तुलनेत ती जेमतेम १.७३ टक्के भरते. मथळ्यातले ३ टक्के आणि स्लिपेतले पावणेदोन टक्के यांतले अंतर ते एवढेच.

हे अंतर सगळ्यांना सारखेही नसते. आपल्याच बेसिकचा, आपल्याच शहरातला एखादा सहकारी सरकारी निवासस्थानात राहत असेल तर त्याला घरभाडे भत्ता मिळत नाही. त्याचा सप्टेंबरचा ग्रॉस ७५,१७५ असेल आणि त्यात तेच १,४५५ मिळाल्यावर त्याची वाढ १.९४ टक्के भरेल. पुण्यात बदली झालेल्या सहकाऱ्याला ३० टक्के घरभाडे आणि तोच ३,६०० रुपये वाहतूक भत्ता असल्याने त्याचा ग्रॉस ८८,६४५ होता, म्हणून त्याची वाढ १.६४ टक्केच दिसेल. रुपये तिघांनाही सारखेच मिळाले. डब्याच्या वेळी टक्केवारीची तुलना करून कुणाला जास्त मिळाले यावर वाद घालणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या वादातून काही निष्पन्न होत नाही, कारण त्या टक्केवारीत मोजला जातो तो ज्याच्या-त्याच्या भाजकाचा आकार.

घरभाडे भत्ता का वाढला नाही, हा पुढचा साहजिक प्रश्न. सातव्या वेतन आयोगानंतर घरभाड्याचे दर शहराच्या वर्गानुसार २४, १६ आणि ८ टक्के ठरले. महागाई भत्ता २५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर ते २७, १८ आणि ९ झाले आणि १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोहोचताच ३०, २० आणि १० झाले. त्या जानेवारीतली वाढ खऱ्या अर्थाने मोठी होती. आजच्या आपल्या बेसिकवर ती लावून पाहिली तर महागाई भत्त्याचे ४ टक्के वाहतुकीसह १,९४० रुपये आणि घरभाड्याचे २ टक्के ८९८ रुपये, म्हणजे एकूण २,८३८ रुपये होतात. तशी उडी त्यानंतर आलेली नाही, कारण घरभाड्याच्या दरासाठी ५० च्या पुढे पायरीच ठेवलेली नाही. ५० टक्के झाल्यावर महागाई भत्ता बेसिकमध्ये विलीन होतो, असा समजही जुन्या मंडळींत अजून घट्ट आहे. २००४ साली तसे झाले होते, या वेळी झाले नाही. म्हणून ५८ टक्के दर असूनही आपले घरभाडे ४४,९०० वरच मोजले जाते.

आता ऑक्टोबरकडे येऊ. नवा दर १ जुलै २०२५ पासून लागू आहे, परंतु मंत्रिमंडळाचा निर्णय १ ऑक्टोबरला झाला आणि त्यानंतर वित्त मंत्रालयाचा आदेश निघाला. तोपर्यंत जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांचे पगार ५५ टक्क्यांनीच निघून गेले होते. त्या प्रत्येक महिन्याचे १,४५५ याप्रमाणे ४,३६५ रुपये थकबाकी म्हणून ऑक्टोबरच्या देयकात आले. ८५,६१० मध्ये ४,३६५ मिळवले की आपले ८९,९७५ होतात. नोव्हेंबरात पगार कमी झालेला नाही, फक्त थकबाकीची एकवेळची रक्कम निघून गेली. या कारणामुळे मी नेहमी सांगत आलो की दरवाढ पाहायची असेल तर थकबाकीच्या महिन्याची स्लिप बाजूला ठेवावी आणि तिच्या आधीची व नंतरची अशा दोनच स्लिपा शेजारी ठेवाव्यात.

जूनची स्लिप तुलनेला घेतली की वेतनवाढ त्यात मिसळते. ३० जूनपर्यंत आपले बेसिक ४३,६०० असणार, कारण लेव्हल ६ च्या रकान्यात ४४,९०० च्या आधीची पायरी तीच आहे. त्यावर ५५ टक्के महागाई भत्ता २३,९८०, घरभाडे ८,७२० आणि वाहतूक ५,५८० धरले की आपण लिहिलेले ८१,८८० बरोबर येतात. जुलैत बेसिक १,३०० रुपयांनी वाढले आणि त्या १,३०० वर ५५ टक्के महागाई भत्ता व २० टक्के घरभाडे मिळून ग्रॉस २,२७५ रुपयांनी वाढला. म्हणजे जून ते नोव्हेंबर या काळात वाढलेल्या ३,७३० रुपयांपैकी २,२७५ वेतनवाढीचे आणि १,४५५ महागाई भत्त्याचे आहेत. वेतनवाढ घरभाड्यालाही ओढून नेते, महागाई भत्त्याची वाढ तसे करत नाही, हा दोन्हींतला फरक या दोन आकड्यांत स्पष्ट दिसतो.

आपल्या बाबतीत सर्व जुळते आहे, परंतु चूक होते ती नेमकी याच सांध्यावर, म्हणून एक प्रसंग सांगतो. मी ज्या कार्यालयात काम करत होतो तेथे एका वर्षी काही जणांची जुलैची वेतनवाढ प्रणालीत वेळेवर भरली गेली नाही. जुलैचा पगार जुन्या बेसिकवर निघाला, ऑगस्टमध्ये वेतनवाढ भरून जुलैचा फरक जुन्या दराच्या महागाई भत्त्यासह स्वतंत्रपणे दिला गेला. ऑक्टोबरात महागाई भत्त्याची थकबाकी काढताना मात्र प्रणालीने जुलैसाठी त्या महिन्याच्या मूळ देयकातले बेसिकच उचलले. वेतनवाढीच्या फरकावरचा वाढीव महागाई भत्ता कुठेच आला नाही. आपल्या आकड्यांत सांगायचे तर १,३०० चे ३ टक्के, म्हणजे ३९ रुपये कमी. रक्कम एवढी लहान की कुणी तक्रार करत नाही, आणि एकूण थकबाकी चार हजारांच्या घरात असल्याने ती नजरेलाही येत नाही. एका निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या गृहस्थांनी तीन महिन्यांच्या स्लिपा पिनेने टाचून आणल्या आणि पेन्सिलने ‘३९ कुठे?’ असे लिहून माझ्या समोर ठेवल्या, तेव्हा ते आम्हाला कळले. तपासल्यावर त्याच यादीतली आणखी माणसे सापडली. पूरक देयक काढावे लागले.

ही चूक ओळखण्याची रीत सोपी आहे. थकबाकीच्या विवरणात प्रत्येक महिन्याची ओळ वेगळी असते. महिनाभर पूर्ण पगार असेल तर तिन्ही ओळींतला आकडा सारखाच हवा, आणि आपल्या बाबतीत तो बेसिकवर १,३४७ व वाहतुकीवर १०८ असायला हवा. एखादी ओळ कमी दिसली तर त्या महिन्यात काय घडले ते आठवावे. बिनपगारी रजेच्या दिवसांचा महागाई भत्ता मिळत नाही. अर्धपगारी रजेत तो रजावेतनावरच मोजला जातो. पूर्ण कॅलेंडर महिना रजेवर काढला असेल तर त्या महिन्याचा वाहतूक भत्ताच नसतो, म्हणून १०८ ही नसतात. यांपैकी काहीही नसताना ओळ कमी असेल, तर आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे त्या महिन्याचा उल्लेख करून अर्ज द्यावा.

पैशांच्या अपूर्णांकाचा प्रश्न आपल्याला येणार नाही. मॅट्रिक्समधील सर्व आकडे शंभराच्या पटीत आहेत, त्यामुळे पूर्ण टक्क्यांनी मोजलेला महागाई भत्ता पूर्ण महिन्यासाठी नेहमी पूर्ण रुपयांतच येतो. महिना अपुरा भरला असेल, किंवा खालच्या लेव्हलच्या १,३५० रुपये वाहतूक भत्त्यावर ५५ टक्के लावले असता ७४२.५० आले, तेव्हाच पन्नास पैशांचा नियम लागतो : पन्नास पैसे किंवा अधिक असतील तर वरचा रुपया, कमी असतील तर सोडून द्यायचे.

ग्रॉस वाढला १,४५५ ने, पण बँकेत तेवढे येत नाहीत, कारण राष्ट्रीय पेन्शन योजनेची आपली १० टक्के वर्गणी बेसिक अधिक महागाई भत्ता यावर कापली जाते. ती ६,९६० वरून ७,०९४ झाली असणार. म्हणून हातात पडणारी वाढ साधारण १,३२१ रुपये आहे. एकीकृत पेन्शन योजना निवडली असेल तरी आपली वर्गणी १० टक्केच राहते. यात नुकसान काही नाही, कारण राष्ट्रीय पेन्शन योजनेत त्याच वाढीवर सरकारचे १४ टक्केही आपल्या खात्यात जातात, म्हणजे दरमहा आणखी सुमारे १८९ रुपये, जे ग्रॉसमध्ये मोजलेलेच नाहीत. व्यवसाय कर आणि आरोग्य योजनेची वर्गणी या वाढीने हलत नाही. आयकराचे म्हणाल तर २०२५-२६ साठी नवी करप्रणाली घेतली असल्यास आपले वर्षाचे सुमारे सव्वादहा लाख रुपये ७५,००० ची प्रमाणित वजावट काढल्यावर १२ लाखांच्या सवलतीच्या पुष्कळ आत राहतात आणि या वाढीवर कर लागत नाही. जुनी प्रणाली ठेवली असेल आणि सर्व वजावटी काढून करपात्र उत्पन्न ५ ते १० लाखांत येत असेल, तर उपकरासह २०.८ टक्के, म्हणजे १,४५५ पैकी तीनशेच्या आसपास रुपये कापले जातील. वरच्या उत्पन्नाच्या अधिकाऱ्यांना वाढ ‘जाणवत नाही’ ती बऱ्याचदा या कारणाने.

हे ३ टक्के आले कोठून, हेही पाहण्यासारखे आहे, कारण त्यात एक गंमत दडलेली आहे. सिमल्याचे श्रम ब्यूरो औद्योगिक कामगारांसाठीचा अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक दरमहा जाहीर करते. मागील बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, २०१६ च्या पायावरील हा निर्देशांक जुन्या २००१ च्या पायावर नेण्यासाठी तिला २.८८ ने गुणायचे, त्यातून २६१.४२ वजा करायचे आणि उरलेली रक्कम २६१.४२ ची किती टक्के होते ते काढायचे. जुलै २०२४ ते जून २०२५ ची सरासरी १४३.५७ येते, २.८८ ने गुणल्यावर ४१३.४७, आणि टक्केवारी ५८.१६. अपूर्णांक सोडून दिला जातो, म्हणून ५८. आता आधीचा, १ जानेवारी २०२५ चा दर याच रीतीने काढला तर २०२४ च्या बारा महिन्यांवरून ५५.९८ येतो. तेव्हाही अपूर्णांक सोडला गेला आणि ५५ मिळाले. केवळ दोन शतांशांसाठी एक पूर्ण टक्का, आपल्या तेव्हाच्या ४३,६०० बेसिकवर दरमहा ४७२ रुपये, सहा महिने हुकला. महागाई त्या सहा महिन्यांत निर्देशांकाच्या मापाने सव्वादोन टक्क्यांहूनही कमी चढली होती. आपल्याला मिळालेल्या ३ टक्क्यांत जानेवारीत सोडून दिलेला तो ०.९८ आहे. ‘या वेळी सरकारने जास्त दिले’ असे म्हणणाऱ्यांना मी हे दोन आकडे दाखवतो.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील मित्रांनी मात्र आपल्या स्लिपा या हिशेबाशी जशाच्या तशा जुळवू नयेत. दर सहसा केंद्राच्या पाठोपाठ तोच मिळतो, पण त्यासाठी वित्त विभागाचा स्वतंत्र शासन निर्णय निघावा लागतो आणि मधल्या काळाची थकबाकी लांबते. केंद्राने १ जानेवारी २०२५ पासूनचे ५५ टक्के एप्रिलच्या सुमारास दिले, राज्यात ते ऑगस्टच्या पगारासोबत, जानेवारी ते जुलै अशा सात महिन्यांच्या थकबाकीसह आले. तेथे ऑक्टोबरसारखी उंच स्लिप आणखी उंच दिसते आणि पुढच्या महिन्यातली ‘घट’ही मोठी वाटते.

आपल्यापुरते एक गणित लिहून ठेवावे. बेसिक ४४,९०० आणि वाहतूक भत्ता ३,६०० मिळून ४८,५०० होतात, म्हणून महागाई भत्त्याचा प्रत्येक टक्का आपल्या ग्रॉसमध्ये दरमहा ४८५ रुपये घालतो. जानेवारीचा दर जाहीर झाला की वाढलेल्या टक्क्यांना ४८५ ने गुणावे आणि थकबाकीचा महिना वगळून आधीची व नंतरची स्लिप पाहावी. १ जुलै २०२६ ला बेसिक ४६,२०० झाले की हाच आकडा ४९८ होईल.